अंगठी बोटात रुतायला लागली की

आठव्या महिन्यात अंगठी निघेनाशी झाली की घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "अंगात पाणी भरलंय, होतंच असं." बहुतेक वेळा ते खरंच असतं. गरोदरपणात शरीरातलं पाणी 6 ते 8 लिटरने वाढतं आणि त्यातलं थोडं झिरपून त्वचेखाली साठतं. पाय संध्याकाळी सुजतात. हात मात्र पुष्कळदा सकाळी जड असतात, मूठ नीट वळत नाही आणि कामाला लागलं की तासाभरात सैल पडतात. मनगटातली नस दाबली गेली तर अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात. त्रासदायक असलं, तरी हे सहसा बाळंतपणानंतर जातं.

आता 32व्या आठवड्यातली एक बाई घ्या. तिची अंगठी महिनाभर हळूहळू घट्ट होत होती. पण गेल्या दोन दिवसांत बोटं टम्म फुगली, दुपारपर्यंतही उतरेनात, सकाळी पापण्या सुजलेल्या. शिवाय डोकं दुखतंय आणि गोळी घेऊनही थांबत नाही. मागच्या तपासणीत रक्तदाब 110/70 होता, आज 146/94 भरला. डॉक्टर तो काही तासांनी पुन्हा मोजतात, लघवीत प्रथिनं जातात का ते बघतात, रक्तातल्या प्लेटलेट आणि यकृत, मूत्रपिंडाच्या तपासण्या करतात. 20 आठवड्यांनंतर 140/90 किंवा त्यावरचा दाब आणि त्यासोबत असे बदल, यालाच प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत, तर झटके येऊ शकतात.

केवळ सुजेवरून हा आजार ठरवत नाहीत, कारण सूज निरोगी बायकांनाही येते. उलट, अजिबात सूज नसतानाही दाब वाढलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक तपासणीला रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा कार्डावर लिहिलेला आहे ना, तेही बघा. सूज उतरावी म्हणून मीठ तोडू नका, पाणी कमी करू नका आणि लघवी होण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

अंगठी घट्ट वाटू लागताच काढून ठेवा. हात थोडा वेळ डोक्याच्या वर धरा, थंड पाण्यात बुडवा, साबण लावून फिरवत फिरवत काढा. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं, तर दवाखान्यात जाऊन अंगठी कापून घ्या. सोन्याचा मोह धरू नका.

हात-चेहऱ्यावर अचानक सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर तिथे रक्ताची गाठ असू शकते, तेव्हाही तसंच. मध्यरात्र असली तरी 108ला फोन करा. बाळंतपणानंतरही 6 आठवड्यांपर्यंत हा आजार होऊ शकतो, त्यामुळे बाळंतिणीचं डोकं दुखतंय म्हटल्यावर जागरणाला दोष देण्याआधी तिचा रक्तदाब मोजा.