संध्याकाळी साडेसात, पण कुणाच्या घड्याळात?

आजचा भाग छोटा आहे. वेबिनारच्या नोंदणीसाठी इन्स्टाग्रामवर जे कॅरोसेल टाकतात ना, त्यातल्या सगळ्यात दुर्लक्षित स्लाइडबद्दल बोलतोय: वेळेची स्लाइड.

एक उदाहरण घेऊ. मराठीतून पायथन शिकवणारा, दोन शनिवारचा वेबिनार. 31 ऑक्टोबर आणि 7 नोव्हेंबर 2026, संध्याकाळी साडेसात. पहिल्या स्लाइडवर विषय आणि तारखा. दुसरीवर कार्यक्रम, तोही मिनिटांसकट: 40 मिनिटं शिकवणं, 20 मिनिटं प्रश्नोत्तरं. तिसरीवर वक्त्याची ओळख. इथे 'सुप्रसिद्ध तज्ज्ञ' लिहून काही कळत नाही. 'सहा वर्षं बँकेच्या डेटावर पायथनमध्ये काम' असं लिहिलं की लोकांना भरवसा वाटतो.

आता चौथी. बरेच जण नुसतं '7:30 PM IST' लिहून मोकळे होतात. पण IST आयर्लंडचंही आहे, इस्राएलचंही! म्हणून सरळ 'भारतीय वेळ' लिहा आणि पुढे शहरांची नावं द्या. 31 तारखेला आपले साडेसात म्हणजे दुबईत संध्याकाळचे 6, लंडनमध्ये दुपारचे 2, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 10. सिडनीत मात्र मध्यरात्र उलटून 1 वाजलेला, म्हणजे तारीखही 1 नोव्हेंबर. ती तारीख लिहिली नाही, तर तिकडचा माणूस एक दिवस चुकणारच.

खरी गंमत पुढच्या शनिवारी आहे. आपण घड्याळ कधी हलवत नाही, पण तिकडे हिवाळ्याआधी ते एक तास मागे घेतात. युरोपात हे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं, म्हणजे यंदा 25 तारखेला. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, 1 तारखेला. म्हणजे आपल्या दोन सत्रांच्या बरोबर मधे! त्यामुळे 7 तारखेला लंडनमध्ये दुपारचे 2 कायम, पण न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9. पहिल्या वेळी बरोबर आलेला माणूस दुसऱ्या वेळी बरोबर एक तास उशिरा येईल, तेव्हा सत्र संपलेलं असेल. म्हणून दोन्ही तारखांच्या वेळा वेगवेगळ्या लिहा.

आणि हो, पोस्ट केल्यावर कॅप्शन बदलता येतं, चित्रावरचा मजकूर नाही. म्हणून वेळा कॅप्शनमध्येही टाका. नोंदणीनंतरच्या ईमेलला कॅलेंडरची `.ics` फाइल जोडा, आणि त्यात वेळ UTC मध्ये ठेवा. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की झालं:

```
DTSTART:20261031T140000Z
```

शेवटचं ते `Z` विसरू नका. ते नसलं, तर पुण्यातल्या फोनवरही दुपारचे 2 दिसतील आणि न्यूयॉर्कमधल्या फोनवरही. असलं, की प्रत्येकाचा फोन आपापल्या गावची वेळ दाखवतो. तपासायला सोपं आहे: फोनचा टाइम झोन न्यूयॉर्क करा, फाइल उघडा, सकाळचे 10 दिसले पाहिजेत.

राहिले सिडनीवाले. रात्री एकला कोण बसणार? त्यांच्यासाठी त्याच स्लाइडवर लिहा की रेकॉर्डिंग कधी मिळेल आणि प्रश्न आधी कुठे पाठवायचे.