साडेनऊ म्हणजे हाल्प त्सेन

माझी भाची श्टुटगार्टला नोकरीसाठी गेली आणि एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहू लागली. तिसऱ्या महिन्यात वरच्या बिऱ्हाडाने न्हाणीघराचं काम काढलं. जुन्या फरशा फोडायच्या, नळाचे पाइप बदलायचे, म्हणजे सकाळी सातपासून ड्रिल सुरू. ते तिने सहन केलं असतं, पण गुरुवारी साडेनऊला तिची नव्या नोकरीसाठी संगणकावरून मुलाखत होती. शेजाऱ्यांसाठी चिठ्ठी लिहून तिने मला तपासायला पाठवली. पुण्यात मी बरीच वर्षं जर्मन शिकवते, पण चार ओळींच्या मजकुरात इतकं काही दडलेलं असतं हे त्या दिवशी मला नव्याने कळलं.

पहिल्या मसुद्याचा अर्थ असा होता : ‘तुमच्या गोंगाटाचा मला फार त्रास होतो. गुरुवारी साडेनऊ ते साडेदहा काम बंद ठेवा.’ व्याकरणात चूक एकही नव्हती. तरीही चिठ्ठी पाठवण्यासारखी नव्हती, आणि तिच्यातल्या एका शब्दामुळे मुलाखतच बुडाली असती.

तो शब्द वेळेचा. साडेनऊसाठी तिने ‘हाल्प नॉइन’ लिहिलं होतं. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा, ‘नॉइन’ म्हणजे नऊ. आपल्या हिशेबाने नऊ आणि वर अर्धा, म्हणजे साडेनऊ. जर्मन माणूस मात्र पुढचा तास धरतो. नववा तास अर्धा झाला की ‘हाल्प नॉइन’, म्हणजे आपले साडेआठ. शेजाऱ्यांनी साडेआठ ते साडेनऊ शांतता पाळली असती आणि बरोबर मुलाखत सुरू होताना ड्रिल हातात घेतलं असतं. साडेनऊला म्हणायचं ‘हाल्प त्सेन’, अर्धे दहा.

ही मोजणी मराठी विद्यार्थ्यांना उफराटी वाटते. मी त्यांना सांगते, ती आपल्याच तोंडात रोज असते. ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला : दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. जर्मन ‘हाल्प ड्राय’, अर्धे तीन, म्हणजे तेच अडीच. ‘दीड’मध्येही दुसऱ्याचा अर्धा आहे. तीनच्या पुढे मात्र आपण ‘साडे’ला धरलं. साडे म्हणजे ‘अर्ध्यासह’, म्हणून साडेतीनमध्ये तीनच दिसतात. दीड-अडीचची रीत पुढे चालू ठेवली की जर्मन घड्याळ कळतं. चिठ्ठीत तर अंकच लिहावेत, 9.30, म्हणजे दोन्हीकडे शंका राहत नाही. पण जिन्यात शेजारी भेटून ‘हाल्प त्सेन?’ असं विचारणारच, तेव्हा हे ठाऊक असायला हवं.

दुसरी अडचण ‘गोंगाट’ या शब्दाची. तिने ‘ईर लेर्म’, तुमचा गोंगाट, असं लिहिलं होतं. त्यात आवाजाचा मालक ठरवून त्याला दोष दिला जातो. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर शेजाऱ्यांचं काही चुकलेलं नव्हतं. जर्मनीत रात्रीची शांतता साधारणपणे 10 ते सकाळी 6, आणि रविवारी व सणाच्या सुट्टीला दिवसभर. दुपारची 1 ते 3 ही विश्रांतीची वेळ देशभर सक्तीची नाही. ती इमारतीच्या नियमावलीत किंवा गावाच्या नियमात असेल तरच लागू होते. शनिवार तर कामाचाच दिवस धरला जातो. मंगळवारी सकाळी 7 वाजता फरशी फोडणाऱ्याला अडवायला भाचीकडे आधार नव्हता. म्हणजे ही तक्रार नव्हती. ती एका तासापुरती विनंती होती, आणि चिठ्ठीत तेच दिसायला हवं होतं.

इथे मराठी कामी आली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना आपण ‘तुम्ही आवाज करता’ असं म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘तुमच्याकडे काम चाललंय ना?’ कर्ता बाजूला राहतो आणि काम पुढे येतं. जर्मनमध्ये याला अगदी जुळणारी रचना आहे : ‘बाय ईनन विर्ट रेनोव्हीर्ट’, म्हणजे तुमच्याकडे दुरुस्ती केली जाते आहे. कोण करतंय हे वाक्यात येतच नाही. ‘बंद ठेवा’ या आज्ञेच्या जागी ‘व्हेरऽ एस म्योग्लिष’ घातलं, म्हणजे ‘शक्य होईल का?’. आणि मागणी ‘काम’ थांबवण्याची न ठेवता ‘ड्रिल न करण्याची’ ठेवली. कारागीर त्या तासात मोजमाप घेईल, रंगाचं काम करेल, त्याची मजुरी बुडणार नाही. मागणी जितकी नेमकी, तितकं ‘हो’ म्हणणं सोपं जातं.

शेवटी चिठ्ठी अशी झाली :

‘लीबऽ नाखबार्न, बाय ईनन विर्ट गेराडऽ रेनोव्हीर्ट, उन्ट दास बोरन इस्ट बाय मिर झेअर लाउट त्सू ह्योरन. आम डोनर्सटाग हाबऽ इष फॉन 9.30 बिस 10.30 ऊअर आइन फोरश्टेलुंग्सगेश्प्रेष आम कॉम्प्यूटर. व्हेरऽ एस म्योग्लिष, इन डीझर श्टुंडऽ निष्ट त्सू बोरन? फाल्स दास निष्ट गेट, झागन झी मिर बिटऽ कुर्त्स बेशाइट. फीलन डांक उन्ट फीलऽ ग्र्यूसऽ.’

म्हणजे : ‘प्रिय शेजारी, तुमच्याकडे सध्या दुरुस्तीचं काम चाललं आहे आणि ड्रिलचा आवाज माझ्याकडे खूप मोठ्याने येतो. गुरुवारी साडेनऊ ते साडेदहा माझी संगणकावर नोकरीची मुलाखत आहे. त्या तासात ड्रिल न करणं शक्य होईल का? जमणार नसेल तर मला जरा कळवा. आभार आणि नमस्कार.’

खाली नाव, दुसरा मजला, डावीकडचं दार. ‘जमणार नसेल तर’ हे वाक्य भाचीला नको होतं, त्याने नकाराची वाट मोकळी होते असं तिला वाटलं. मी ते ठेवायला लावलं. नकार बुधवारी कळला तर मैत्रिणीच्या घरी जाऊन मुलाखत देता येते. गुरुवारी साडेनऊला कळून उपयोग नाही. आणि चिठ्ठी त्यांच्या पत्रपेटीत टाकायची, जिन्यातल्या फलकावर लावायची नाही. सगळ्या इमारतीसमोर लावलेली विनंती वाचणाऱ्याला चारचौघांतली कानउघाडणी वाटते.

भाडं कमी करून मागायचा मुद्दाही तिने काढला होता. जर्मन नागरी कायद्याच्या कलम 536 मध्ये घराच्या वापरात मोठी अडचण आली तर भाडं घटण्याची तरतूद आहे खरी. पण तो व्यवहार घरमालकाशी असतो. त्याला अडचण लेखी कळवावी आणि आवाजाची नोंदवही ठेवावी : तारीख, कधी सुरू, कधी बंद, कसला आवाज. आठ-दहा दिवसांच्या दिवसाढवळ्या कामासाठी हे सहसा टिकत नाही, आणि अंदाजाने भाडं कापून घेतलं तर थकबाकीदार ठरण्याचा धोका भाडेकरूलाच. शेजाऱ्यांच्या चिठ्ठीत यातलं एक अक्षरही नको.

बुधवारी संध्याकाळी तिची चिठ्ठी तिच्याच दाराखालून परत आली. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘काइन प्रोब्लेम. विर बोरन एर्स्ट आब एल्फ.’ तिने घाबरून फोन केला, अकरा म्हणजे कुठले अकरा, इथेही अर्धं काही आहे का? नव्हतं. ‘आब एल्फ’ म्हणजे अकरापासून, आणि त्यामागचा ‘एर्स्ट’ म्हणजे आपला ‘च’. अकरापासूनच. तिने मागितलेल्या तासावर त्यांनी अर्धा तास आणखी दिला होता.