जबड्यावरचे दोन छेद

कत्तलखान्यात गुराचं डोकं धडापासून वेगळं झालं की मांस तपासणारा पशुवैद्य प्रथम त्याच्या जबड्यांकडे वळतो. पट्टकृमीचं अंडं चाऱ्यातून गुराच्या पोटात गेलं की त्यातला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो. सतत काम करणाऱ्या स्नायूंना रक्त भरपूर मिळतं, म्हणून रवंथ करणारा जबडा, जीभ, हृदय आणि छातीखालचा पडदा इथे तो अधिक आढळतो.

युरोपातल्या नेहमीच्या पद्धतीत जबड्याच्या बाहेरच्या स्नायूवर हाडाला समांतर दोन छेद देतात, आतल्या स्नायूवर एक. जीभ बोटांनी चाचपतात. हृदय उभं चिरून मधला पडदाही कापतात. सुरी धारदारच हवी, कारण बोथट पात्याखाली मांस फाटतं आणि नेमकी गाठ नजरेतून सुटते.

शोधायचं असतं ते वाटाण्यापेक्षा लहान, लांबट, पातळ आवरणाचं पाणीदार फोड. त्यात पांढरा ठिपका दिसतो. तेच कृमीचं दुमडलेलं डोकं. मेलेली गाठ मात्र पिवळट, चिकट किंवा चुन्यासारखी कडक होते आणि चरबीच्या कणाशी किंवा जुन्या गळवाशी तिची गल्लत होते. हृदयातल्या गाठी इतर ठिकाणांपेक्षा लवकर मरतात, त्यामुळे तिथे असा कडक ठिपका दिसला तर बाकीच्या स्नायूत जिवंत गाठ असू शकते.

समजा, जबड्यात एकच जिवंत गाठ सापडली. मग धडाच्या इतर भागांचीही तपासणी होते. गाठी सर्वत्र असतील तर सगळं मांस बाद. मोजक्याच असतील तर तो भाग काढून टाकतात आणि उरलेलं मांस गोठवतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी उणे १० अंशांवर दोन आठवडे किंवा उणे ७ अंशांवर तीन आठवडे असा नियम रूढ आहे. इतक्या थंडीत गाठ मरते.

ही तपासणी मला आवश्यक वाटते, पण तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. दोन-चार छेदांत स्नायूचा फार थोडा भाग उघडा पडतो. एखाद-दोनच गाठी असलेलं गुरं बहुधा निसटतं. म्हणून मांस आतपर्यंत शिजवणं हा वेगळा बचाव आहेच.

डुकराच्या मांसात गाठी बहुतेकदा अधिक संख्येने असतात, त्यामुळे त्या दिसायला सोप्या. जिवंत डुकराची जीभ बाहेर ओढून खालची बाजू चाचपली तरी मोठा प्रादुर्भाव कळतो. हलका मात्र कळत नाही. गाठ अलगद सोडवून दोन काचांमध्ये दाबली की फरक कळतो: डुकराच्या कृमीच्या डोक्यावर आकड्यांचं कडं असतं, गुराच्या कृमीला ते नसतं.

हे आकडे माणसासाठी गंभीर आहेत. डुकराचं कच्चं मांस खाऊन आतड्यात पट्टकृमी वाढतो. पण मेंदूत गाठी होऊन झटके येतात ते त्या मांसामुळे नव्हे, तर कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावरून, पाण्यातून किंवा भाजीतून पोटात गेल्यामुळे. त्यामुळे हा आजार शाकाहारी माणसालाही होतो.