दादींचा फॉरवर्ड आणि शेख अहमदचा वसीयतनामा

फजरच्या नमाजनंतर फॅमिली ग्रुपवर दादींचा मेसेज येतो. मदिन्यातील रौजा-ए-मुबारकचे खादिम शेख अहमद यांना स्वप्नात प्रेषित (स.) यांची जियारत झाली, कयामत जवळ आली आहे, हा पैगाम इतक्या लोकांना पाठवा. पाठवणाऱ्याला खुशखबर मिळेल, दुर्लक्ष करणाऱ्याचं नुकसान होईल.

हा मेसेज व्हॉट्सअॅपपेक्षा खूप जुना आहे. आपल्या घरातल्या अनेक बुजुर्गांनी तो पोस्टकार्डावर किंवा मशिदीबाहेर वाटलेल्या पत्रकावर वाचलेला असतो. सौदी अरेबियाचे आलिम शेख अब्दुल अजीज बिन बाज (मृत्यू 1999) यांनी त्यावर सविस्तर खंडन लिहिलं. शेख अहमद यांच्या नातेवाइकांकडे चौकशी केली असता, त्यांनी असं काही सांगितलंच नव्हतं आणि ते कधीच वारले आहेत, असं उत्तर मिळाल्याचं बिन बाज यांनी नमूद केलं आहे. तरीही मेसेज फिरतोच आहे. का?

त्याची बांधणी पाहा. सुरुवातीला मदिन्याचं नाव, म्हणजे शंका घेणंच बेअदबी वाटतं. तारीख कुठेच नाही, त्यामुळे तो कधी शिळा होत नाही. मग सवाबची आशा, शेवटी नुकसानीची भीती. दादींना वाटतं, खोटा असला तर काय बिघडलं? पण खरा असला आणि आपण थांबवला तर? शिवाय तो त्यांच्या सख्ख्या बहिणीने पाठवलेला असतो. ज्या पिढीने छापलेल्या शब्दावर आणि घरच्या माणसावर विश्वास ठेवला, ती पिढी पाठवणाऱ्याकडे पाहते. मूळ लिहिणारा कोण, हा प्रश्न मनात येत नाही. हा अडाणीपणा नव्हे, ही काळजी आहे.

अशा वेळी नातू ग्रुपवर लिहितो, ‘फेक आहे, काहीही पाठवू नका.’ चाळीस जणांसमोर दादींचा अपमान होतो. त्या गप्प होतात, पण मत बदलत नाही. पुढचा फॉरवर्ड त्या नातवाला वगळून पाठवतात.

त्यापेक्षा फोन करावा. समजा, नातू म्हणाला, ‘दादी, तुम्हाला सगळ्यांची फिकीर असते म्हणूनच तुम्ही पाठवलं. हे तुम्ही लहानपणीही वाचलं होतं का?’ बहुतेक दादी म्हणतील, ‘हो रे, तेव्हा कागदावर यायचं.’ मग नातवाने विचारावं, ‘तेव्हाही शेख अहमदच होते, आजही तेच कसे?’ उत्तर त्यांचं त्यांनाच सापडू द्यावं. मग सांगावं, की कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहावी आयत खबर आली की आधी तहकीक करायला सांगते. ऐकलेलं सगळं पुढे सांगत सुटणं हेच माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, असा इशारा सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतील हदीसमध्ये आहे. म्हणजे न पाठवण्यात गुनाह नाही. भीती जायला हे एक वाक्य लागतं. त्यानंतर दादींनीच ग्रुपवर लिहिलं, ‘मी पाठवलेलं खरं नव्हतं, पुढे पाठवू नका,’ तर त्याचं वजन नातवाच्या दहा मेसेजपेक्षा जास्त असतं.

फोनवर एक खूणही दाखवून ठेवा. मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो मूळ माणसापासून पाच किंवा अधिक हात फिरून आलेला आहे. पाठवणाऱ्या बहिणीने तो लिहिलेला नाही, हे त्यातून कळतं. मात्र मजकूर कॉपी करून पेस्ट केला की बाण दिसत नाहीत. बाण नाहीत म्हणून मेसेज खरा ठरत नाही.

काही मेसेज मात्र फोनची वाट पाहू देत नाहीत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारलं. त्या काळात फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षा जनजागृतीचा होता. मोटरसायकलवरून मूल उचलून नेणारे शेवटी त्याला परत आणून सोडतात, तो भाग कापून टाकलेला होता. मुलं पळवणं, दंगल किंवा औषध बंद करायला सांगणारे मेसेज आले, तर ग्रुपवर लगेच लिहावं. पण मेसेजबद्दल, माणसाबद्दल नव्हे. ‘हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही, अर्धा कापलेला आहे, कृपया पुढे पाठवू नका.’ मग पाठवणाऱ्याला फोन करून तो सर्वांसाठी डिलीट करायला सांगावं. त्यासाठी दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण तोवर दुसऱ्या ग्रुपवर गेलेली प्रत तशीच राहते. म्हणून ‘आणखी कुठे पाठवलं होतं?’ हेही प्रेमाने विचारावं आणि तिथेही दुरुस्ती पाठवायला मदत करावी.

एका फोनने सवय सुटत नाही. पुढच्या आठवड्यात दादी पुन्हा काहीतरी पाठवतील. पण पाठवण्याआधी त्यांनी नातवाला विचारलं, ‘बेटा, हे खरं आहे का बघ,’ तर हसू नये. तेवढ्यासाठीच तर पहिला फोन केला होता.