निवृत्तीचा पैसा आणि कराची कात्री

केंद्र किंवा राज्य सरकारचा कर्मचारी निवृत्त होताना शिल्लक रजेचे पैसे घेतो, तेव्हा ती सगळी रक्कम करमुक्त असते. बँका, सरकारी कंपन्या आणि खासगी नोकरीतल्यांना मात्र हिशेब मांडावा लागतो. त्यांना 25 लाखांपर्यंत सूट आहे खरी, पण ती सरसकट मिळत नाही.

एक उदाहरण पाहू. 24 वर्षांची खासगी नोकरी, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना 60,000 रुपये. कंपनी वर्षाला 40 दिवस रजा देते. एकूण 960 दिवसांपैकी 600 वापरले, उरलेल्या 360 दिवसांचे 7,20,000 रुपये मिळाले. आयकर खाते मात्र वर्षाला 30 दिवसच धरते. म्हणजे 720 वजा 600, उरले 120 दिवस, अर्थात चार महिन्यांचे 2,40,000. दहा महिन्यांचा सरासरी पगार होतो 6,00,000. मिळालेली रक्कम, 25 लाख आणि हे दोन आकडे, यांत सर्वांत लहान तेवढीच सूट. त्यामुळे 4,80,000 रुपये करपात्र ठरतात.

पेन्शन विकून मिळणारी एकरकमी रक्कमही सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण माफ असते. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटी मिळाली असेल, तर पूर्ण पेन्शन विकल्यावर जी रक्कम आली असती तिचा एक तृतीयांश भाग करमुक्त. ग्रॅच्युइटी नसेल, तर निम्मा.

नोकरीत असताना रजा विकली, तर ते पैसे सगळ्यांनाच करपात्र असतात. म्हणून निवृत्तीआधी आपला रजेचा हिशेब कंपनीकडून लेखी घ्या.