आठ वाजले, ठेवते!

ऋता डब्लिनहून आठवड्यातून दोनदा आईला फोन करायची. तिथे दुपारचे साडेतीन, सांगलीत रात्रीचे आठ. पण हल्ली दोन मिनिटांतच आई म्हणायची, ‘अगं, हाऊजी सुरू होतेय, ठेवते!’

रविवारी ऋताने हट्टच धरला, ‘मलाही दाखव.’ आईने मोबाइलवरची तिकिटं दाखवली. एकेक २० रुपयांचं, तीही सहा!

‘सहाचा सेट घेतला की १ ते ९० सगळे आकडे आपल्याकडे. प्रत्येक नंबर कापता येतो.’

‘कापता येतो गं, पण फुल हाऊसला पंधराही नंबर एकाच तिकिटावरचे लागतात. एकूण तिकिटं किती विकतात?’

‘शंभर.’

‘म्हणजे २००० जमले. आणि बक्षिसं?’

अर्ली फाइव्हला २००, तीन ओळींना दोन-दोनशे, फुल हाऊसला ६००. आईनेच बेरीज केली, १४००.

‘उरलेले ६०० गेम चालवणाऱ्याचे. तू रोज तीन गेम खेळतेस, म्हणजे ३६० रुपये. महिन्याला १०,८००.’

आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘नंबर बोलणारी मुलगी रोज विचारते, काकू आलात ना? बाबा गेल्यापासून संध्याकाळी असं कोण विचारतं?’

यावर ऋताकडे हिशेब नव्हता.

सोमवारी साडेतीनला तिने ऑफिसात ब्रेक घेतला. व्हिडिओ कॉलवर मावशी, आत्या, शेजारच्या दोन काकू. तिकिटं वहीच्या कागदावर, पैसे शून्य.

‘आई, आलीस ना? चला, टू लिटल डक्स...’

‘बावीस!’ आई सगळ्यात आधी ओरडली.