नकली इअरबड्स परत करताना

ऑनलाइन मागवलेले इअरबड्स नकली निघाले, की बरेच जण ‘आवाज नीट येत नाही’ असं लिहून मोकळे होतात. तक्रार तिथेच फसते. आवाजाची तक्रार ही बिघाडाची ठरते, आणि बदली म्हणून त्याच विक्रेत्याकडचा दुसरा नकली नग घरी येऊ शकतो. म्हणून परतीच्या कारणांत ‘नकली वस्तू’ हा पर्याय असेल तर तोच निवडावा आणि बदली नको, पैसे परत हवेत, हे पहिल्याच ओळीत सांगावं.

त्यानंतर पुरावा. समजा, दुसऱ्या पिढीचे एअरपॉड्स प्रो मागवले होते. विनंती अशी लिहिता येईल:

‘फोटो १: अस्सल डबीच्या कडेला दोरी अडकवायची धातूची जागा असते. आलेल्या डबीला ती नाही.
फोटो २: अस्सल डबीच्या तळाशी चार्जिंगच्या पोर्टशेजारी स्पीकरची छिद्रं असतात. इथे तळ कोरा आहे.
फोटो ३: डबीच्या झाकणातला सिरीयल नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळत नाही.
फोटो ४: आयफोनला जोडल्यावर हे एअरपॉड्स अस्सल असल्याची खात्री होत नाही, असा इशारा आला. त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे.’

प्रत्येक फोटोत एकच फरक दाखवावा. तुलनेचं चित्र कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावं आणि आपला फोटो त्याच कोनातून, दिवसाच्या उजेडात काढावा. पार्सलवरच्या लेबलचाही एक फोटो जोडावा, म्हणजे नग याच ऑर्डरचा आहे हे दिसतं.

सिरीयल नंबरवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. नकली माल बनवणारे खऱ्या नगाचा नंबर उचलून छापतात. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर सापडला, तरी नग अस्सल आहे असं सिद्ध होत नाही. डबीची घडण आणि फोनवरचा इशारा हे पुरावे जास्त भक्कम.

नग न्यायला माणूस आला, की त्याच्यासमोरच डबीचा आणि नंबरचा फोटो काढून मग सामान द्यावं. ‘तुम्ही वेगळाच नग परत केलात’ या आरोपाला तेच उत्तर असतं.

विक्रेत्याने नकार दिला तरी कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नकली किंवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तसं झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिथे हीच फोटोंची यादी, ऑर्डर क्रमांक आणि विक्रेत्याचं लेखी उत्तर द्यावं.